दाराला एकदाच शिकवायचं

घराच्या नकाशात दार ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. भिंतीत एक फट असते, फटीच्या एका कडेला उघडा पल्ला उभा असतो आणि पल्ल्याच्या टोकापासून समोरच्या चौकटीपर्यंत पाव वर्तुळाचा चाप काढलेला असतो. दार उघडताना पल्ला जमिनीवर जेवढी जागा फिरतो तेवढी हा चाप दाखवतो. पलंगाचा कोपरा किंवा वॉश बेसिन त्या चापात घुसलं, तर दार पूर्ण उघडणार नाही, हे वीट रचण्याआधीच कागदावर कळतं. म्हणून मला नकाशातला हा चाप फार मोलाचा वाटतो, आणि तो अचूक असावा याबद्दल मी हट्टी आहे.

मी कामाला लागलो तेव्हा ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने नकाशे काढत. दारांसाठी प्लॅस्टिकची हिरवी टेम्प्लेट असायची. योग्य मापाचं भोक शोधायचं, टेम्प्लेट कागदावर धरायची आणि चाप ओढायचा. मग ऑटोकॅड आलं आणि टेम्प्लेटची जागा ब्लॉकने घेतली. ब्लॉक म्हणजे एकदा काढून नाव देऊन ठेवलेलं चित्र. `INSERT` म्हटलं, नाव निवडलं, जागा दाखवली की दार तयार. मूळ ब्लॉकमध्ये दुरुस्ती केली तर नकाशातली त्याची सगळी रूपं एकदम सुधारतात. हातकामाच्या मानाने ही मोठीच सोय होती.

तरी एका नेहमीच्या इमारतीचा मजला डोळ्यांपुढे आणा. मजल्यावर चार फ्लॅट, प्रत्येकात दोन बेडरूम. मुख्य दार १००० मिलिमीटरचं, बेडरूमची दोन दारं ९०० ची, दोन टॉयलेट आणि ड्राय बाल्कनी मिळून तीन दारं ७५० ची. म्हणजे एका फ्लॅटला सहा आणि मजल्याला चोवीस दारं. मापं तीनच, पण बिजागरी कुठे डावीकडे तर कुठे उजवीकडे, पल्ला कुठे आत तर कुठे बाहेर. बाहेरची भिंत २३० मिलिमीटरची, आतली ११५ ची. जुन्या पद्धतीत या प्रत्येक जोडीसाठी वेगळा ब्लॉक ठेवावा लागे, नाहीतर एकच ब्लॉक आणून प्रत्येक वेळी फिरवावा आणि `MIRROR` करावा लागे. आमच्या लायब्ररीत `DOOR900L`, `DOOR900R`, `DOOR900R-NEW` असल्या नावांची रांग लागली होती. त्यातला खरा कुठला, हे ज्याने केला त्यालाच माहीत.

कुणी विचारेल, की एकच दार काढून लहानमोठं का करत नाही? ऑटोकॅडमध्ये ब्लॉक आणताना प्रमाण बदलता येतं, हे खरं आहे. पण ९०० चं दार ७५० करण्यासाठी सगळंच आक्रसलं, तर ६५ मिलिमीटरची चौकट ५४ ची होते आणि ३५ मिलिमीटरचा पल्ला २९ चा. दार लहान झालं म्हणून सुतार बारीक चौकट लावत नाही. फक्त रुंदीच आक्रसली, तर चापाचा लंबगोल होतो, आणि भिंतीला काटकोनात उभा असलेला पल्ला तसाच ७७० चा राहतो. दार बंद केलं तर तो समोरच्या चौकटीतून आरपार जाईल.

दाराचं मर्म इथेच आहे. त्यात काही गोष्टी रुंदीबरोबर बदलतात, काही जागा सोडतात पण आकार सोडत नाहीत, आणि काही जिथल्या तिथे राहतात. साध्या ब्लॉकला हा फरक कळत नाही. ऑटोकॅड २००६ या आवृत्तीत डायनॅमिक ब्लॉक आले, आणि हा फरक ब्लॉकमध्येच लिहून ठेवायची सोय झाली. दाराने कसं वागायचं हे त्याला एकदा शिकवायचं, पुढे ते तसंच वागतं.

शिकवण्याची भाषा दोन शब्दांची आहे. पॅरामीटर म्हणजे काय बदलू शकतं ते: लांबी, दिशा, बाजू. अ‍ॅक्शन म्हणजे ते बदललं की कुठल्या रेघांनी काय करायचं ते: ताणायचं, सरकायचं, मोठं व्हायचं, उलटायचं. पॅरामीटर नुसता ठेवला आणि त्याला अ‍ॅक्शन जोडली नाही, तर त्याच्याशेजारी पिवळं उद्गारचिन्ह दिसत राहतं. ते दिसेपर्यंत काम अर्धवट आहे असं समजावं.

आता ९०० चं दार करून बघू. चौकटीचा आडवा छेद ६५ बाय १००, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चौकटी वजा जाता मधे ७७० उरतात. डाव्या चौकटीच्या आतल्या कडेला बिजागरी धरून तिथून ३५ जाडीचा आणि ७७० लांबीचा पल्ला वर उभा काढायचा. बिजागरीच केंद्र धरून ७७० त्रिज्येचा चाप काढायचा. खऱ्या पल्ल्याला चौकटीत बसायला खाच असते आणि तो थोडा रुंद असतो, पण मजल्याच्या नकाशाला एवढं पुरतं. `BLOCK` ने याचा ब्लॉक करायचा आणि `BEDIT` ने संपादकात उघडायचा.

पहिला प्रश्न असा, की रुंदीचा `Linear` पॅरामीटर कुठून कुठपर्यंत ठेवायचा? मन लगेच म्हणतं, भिंतीच्या कडेपासून कडेपर्यंत, म्हणजे ९०० वर. दार ९०० चंच तर आहे. मीही पहिल्यांदा तसंच केलं, आणि ते चुकलं. ताणणं आणि मोठं-लहान होणं ही दोन वेगळी गणितं आहेत, हे मला तेव्हा उमगलं. `Stretch` अ‍ॅक्शन फरक मोजते. दार ९०० चं ७५० झालं की ती पल्ल्यातून १५० वजा करते, म्हणजे पल्ला ६२० चा होतो, आणि हे बरोबर आहे. चापाला मात्र ताणून चालत नाही, त्याचा आकार बिघडतो, म्हणून त्याला `Scale` अ‍ॅक्शन लावावी लागते. ही अ‍ॅक्शन फरक न मोजता गुणोत्तर मोजते. ७५० भागिले ९०० म्हणजे ०.८३३, आणि ७७० ला त्याने गुणलं की त्रिज्या येते सुमारे ६४२. पल्ला ६२० चा आणि चाप ६४२ चा. एकास शंभर प्रमाणात छापलं तर हा फरक कागदावर पाव मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे महिनोन् महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. टॉयलेटचा तपशील एकास वीस प्रमाणात काढला, तेव्हा चापाचं टोक पल्ल्याला सोडून गेलेलं उघड दिसलं.

उपाय साधा होता. पॅरामीटर भिंतीपासून न घेता चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घ्यायचा, म्हणजे ७७० वर. आता ६२० भागिले ७७० हे गुणोत्तर चापाला लागतं आणि त्रिज्या बरोबर ६२० येते. पॅरामीटरची सुरुवात बिजागरीवरच असल्यामुळे चाप तिथूनच लहान होतो, त्याचं केंद्र हलत नाही.

पल्ल्याचं एक कोडं अजून राहतं. माप आडवं कमी होतं, पण पल्ला तर उभा आहे. त्याच्या टोकाला वेगळी `Stretch` अ‍ॅक्शन लावायची आणि तिच्या गुणधर्मांमध्ये `Angle Offset` समोर 90 लिहायचं. उजवीकडची चौकट १५० डावीकडे सरकली, की तोच धक्का काटकोनात वळून पल्ल्याचं टोक १५० खाली आणतो. जाडी ३५ तशीच राहते, कारण ताणण्याच्या चौकोनात आपण फक्त वरचं टोक घेतलेलं असतं.

उजव्या चौकटीला आडवी `Stretch` लावली की ती अखंड सरकते. इथे नवे लोक हमखास फसतात. ताणण्याचा चौकोन काढल्यावर ऑटोकॅड विचारतं, की कुठल्या वस्तू? घाईत सगळंच निवडलं जातं, डावी चौकटसुद्धा. चौकोनाच्या बाहेर असलेली, पण निवडीत आलेली वस्तू जागेवर थांबत नाही, तीही सरकते. मग दार लहान केलं की बिजागरीची चौकट भिंतीत शिरते. असं दिसलं तर चौकोन नको, निवड तपासायची.

पुढे बाजू बदलणं. बिजागरी डावीकडची उजवीकडे नेण्यासाठी `Flip` पॅरामीटर असतो. त्याला आरशाची एक रेघ दाखवावी लागते. ही रेघ दाराच्या बरोबर मधोमध, म्हणजे आतल्या कडेपासून ३८५ वर ठेवली, की ९०० चं दार झकास उलटतं. पण ते ७५० चं केलं आणि मग उलटलं, तर अख्खं दार १५० मिलिमीटर बाजूला उडी मारतं. कारण दार लहान झालं, पण आरसा होता तिथेच राहिला. ६२० चा मध्य ३१० वर असतो, आरसा अजून ३८५ वर. म्हणून आरशालाही हलायला शिकवावं लागतं. रुंदीच्या पॅरामीटरला एक `Move` अ‍ॅक्शन जोडायची, तिच्या निवडीत तो `Flip` पॅरामीटर घ्यायचा आणि `Distance Multiplier` समोर 0.5 लिहायचं. चौकट १५० सरकली की आरसा ७५ सरकतो आणि मध्य सुटत नाही. डायनॅमिक दारं बिघडलेली ज्या ज्या नकाशांत मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांत हा अर्धा सरकणारा आरसा राहून गेलेला होता.

पल्ला आत की बाहेर, यासाठी दुसरा `Flip`. त्याची रेघ भिंतीच्या जाडीच्या मधोमध असते. २३० च्या भिंतीत चौकट एका अंगाला लावलेली असते, त्यामुळे उलटताना तीही दुसऱ्या अंगाला जायला हवी. ११५ ची भिंत आली की मध्य बदलतो. दोन्ही जाड्या एकाच ब्लॉकमध्ये बसवता येतात, पण मी बसवत नाही. दोन जाड्यांचे दोन ब्लॉक ठेवतो. सगळं एकाच ब्लॉकमध्ये भरायचा मोह फार असतो, आणि तसे ब्लॉक पुढे कुणाला दुरुस्त करता येत नाहीत.

खिडकीला चाप नाही, त्यामुळे ती सोपी. दोन्ही कडा ताणायच्या, मधली चौकट 0.5 ने सरकवायची. तीन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत मधले दोन उभे एकतृतीयांश आणि दोनतृतीयांश सरकतात. तिथे 0.333 लिहून थांबू नये, 0.333333 लिहावं. ३०० मिलिमीटरच्या बदलात तीन आकडी अपूर्णांकाने ०.१ मिलिमीटरची फट पडते, आणि पुढे हॅच भरताना तीच फट नडते. दोन पल्ले, तीन पल्ले, काचपट्ट्यांचं व्हेंटिलेटर अशी रूपं एकाच ब्लॉकमध्ये `Visibility` ने ठेवता येतात. एका ब्लॉकला असा पॅरामीटर एकच मिळतो, एवढं आधी लक्षात घेऊन रूपं ठरवायची.

आता दार ताणलं जातं, उलटतं, पण ते कितीही ताणलं जातं हा नवा धोका असतो. नकाशावर निळसर त्रिकोण ओढला आणि हात जिथे थांबला तिथे दार थांबलं, तर ८८७ चं दार तयार होतं. तसं दार बाजारात नाही आणि आपल्या तक्त्यातही नाही. म्हणून पॅरामीटरच्या गुणधर्मांत `Dist type` समोर `List` निवडून फक्त ठरलेली मापं द्यायची: ६२०, ७७०, ८७०. पण ही आतली मापं आहेत, आणि ऑफिसात किंवा साइटवर कुणी ६२० चं दार म्हणत नाही. तिथे `Lookup` कामाला येतं. त्याच्या तक्त्यात डावीकडे माप आणि उजवीकडे आपलं नाव लिहायचं: 620 समोर `D2 750`, 770 समोर `D1 900`, 870 समोर `D 1000`. खाली `Allow reverse lookup` केलं की दारावर एक छोटा उलटा त्रिकोण येतो. त्यावर क्लिक केलं की ही तीन नावं दिसतात, आणि नाव निवडलं की बाकी सगळं आपसूक होतं. तक्त्यात न बसणारं माप कुणी कुठून आणलंच, तर नावाच्या जागी `Custom` दिसतं. नकाशा छापायला देण्याआधी मी हा शब्द शोधतो.

एवढं झाल्यावर `BTESTBLOCK` मध्ये प्रत्येक माप चारही बाजूंना उलटून बघायचं. तीन मापं, चार स्थिती, बारा तपासण्या. अर्धा तास जातो. तो द्यावाच, कारण चूक राहिली तर ती चोवीस दारांत जाते.

याचा उपयोग कळतो तो बदल आला की. एका कामात नकाशे जवळजवळ पूर्ण झाल्यावर मालकांनी सांगितलं, की टॉयलेटची दारं ८०० ची हवीत, ड्राय बाल्कनीची ७५० ची राहू द्या. पूर्वी याचा अर्थ आठ दारं पुसायची, नवा ब्लॉक करायचा, आठ वेळा आणायचा, फिरवायचा, उलटायचा आणि कुठलं दार कुठल्या हाताचं होतं हे जुनी प्रिंट समोर ठेवून ताडायचं, असा होता. आता ब्लॉकच्या यादीत ६७० हे माप वाढवलं, तक्त्यात `D3 800` ही ओळ घातली आणि ब्लॉक जतन केला. मग नकाशातली आठही दारं एकत्र निवडून `Properties` मध्ये `D2 750` चं `D3 800` केलं. प्रत्येक दार आपापल्या बिजागरीवर राहिलं, आपापल्या बाजूला उघडलं, फक्त ५० मिलिमीटरने रुंद झालं.

पण भिंत बदलली नाही. साध्या ऑटोकॅडमधला ब्लॉक भिंत कापत नाही. आठही ठिकाणी सरकलेली चौकट भिंतीच्या रेघांवर बसलेली होती आणि त्या रेघा `TRIM` ने हाताने मागे घ्याव्या लागल्या. आपोआप भिंत कापणारी दारं ऑटोकॅड आर्किटेक्चरमध्ये आहेत, पण तिथे भिंतही त्याच पद्धतीने काढलेली असावी लागते. आमच्याकडे भिंती साध्या रेघांच्या. दोन टॉयलेटमध्ये वाढलेला चाप वॉश बेसिनला लागला, तेही तेव्हाच दिसलं. बेसिन १०० मिलिमीटर सरकवलं.

दोन गोष्टी असा ब्लॉक हमखास बिघडवतात. पहिली एककं. आमचे कामाचे नकाशे मिलिमीटरमध्ये असतात, पण मंजुरीचे नकाशे कितीतरी जण मीटरमध्ये काढतात. दोन्ही फायलींमध्ये `INSUNITS` बरोबर असेल तर ऑटोकॅड स्वतःच प्रमाण जुळवतं. तो नीट लावलेला नसेल, तर मीटरच्या नकाशात दार हजारपट मोठं येतं आणि सगळा मजला त्याच्या चौकटीत मावतो. दुसरी गोष्ट `EXPLODE`. कुणाला एक रेघ हलवायची असते, म्हणून तो ब्लॉक फोडतो, आणि त्या क्षणी दार पुन्हा नुसत्या रेघा होतं, शिकवलेलं सगळं जातं. `BEDIT` मध्ये काहीही न निवडता गुणधर्म उघडले की `Allow exploding` दिसतं. तिथे `No` करून ठेवावं.

आणि मोजणी. दारं-खिडक्यांचा तक्ता पूर्वी आम्ही पेन्सिलने खुणा करत मोजायचो. नंतर मोजणीसाठी एक छोटं लिस्प रूटीन वापरू लागलो. डायनॅमिक दारं आल्यावर त्याची उत्तरं चुकू लागली. कारण दार मूळ रूपापासून बदललं की ऑटोकॅड आतून त्याला `*U12` असं निनावी नाव देतं, आणि आमचं रूटीन ते नाव वाचून दार सोडून देत होतं. खरं नाव असं मिळतं:

```
(vl-load-com)
(vla-get-EffectiveName
  (vlax-ename->vla-object (car (entsel))))
```

नुसता तक्ता हवा असेल तर याचीही गरज नाही. `DATAEXTRACTION` मध्ये दाराचा ब्लॉक आणि त्याचं `Lookup` चं नाव निवडलं की मोजणी नकाशातच तक्ता होऊन बसते. त्या मजल्याची अशी आली: `D 1000` चार, `D1 900` आठ, `D2 750` चार, `D3 800` आठ. सुताराला चौकटींची यादी द्यायची होती, ती यावरूनच दिली.